राजमा, हरभरे, कोबी: पोट फुगू नये म्हणून कशाला काय करावं?

राजमा-हरभऱ्यानं पोटात गुबारा धरतो तो मुख्यतः त्यातल्या रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरांमुळे. त्या पचवणारं एन्झाइम आपल्याकडं नसतं. त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथले जीवाणू त्यांचा वायू करतात. पण या साखरा पाण्यात विरघळतात, म्हणून भिजवलेलं पाणी फेकून देणं महत्त्वाचं. त्याच पाण्यात कडधान्य शिजवलं तर भिजवण्याचा निम्मा उपयोग वाया जातो.

राजम्याला रात्रभर गार पाण्यात ठेवलं तरी चालतं, पण मला गरम पाण्याची पद्धत सरस वाटते. वाटीभर राजमा चार वाट्या पाण्यात दोन-तीन मिनिटं खळखळून उकळावा, गॅस बंद करून तासभर झाकून ठेवावा. ते पाणी ओतून, दाणे धुऊन, नव्या पाण्यात कुकरला लावावेत. दाणा बोटांत सहज चेचला गेला आणि मधे कणी लागली नाही, की झाला. कच्चट राहिलेला राजमा नुसता गॅस करत नाही. त्यातल्या लेक्टिन या विषारी प्रथिनामुळे उलट्या-जुलाब होतात. म्हणून उकळी न येता मंद आचेवर तो कधीच शिजवू नये. सोड्यानं दाणा लवकर मऊ होतो खरा, पण ब-१ जीवनसत्त्व जातं. मी टाळते.

हरभऱ्याला मात्र मोड आणावेत. मिसळ करणाऱ्या घरात मटकीला मोड आणायला कुणाला शिकवायला नको, हरभऱ्यालाही तसंच. आठ-दहा तास भिजवून, पाणी काढून, ओल्या फडक्यात बांधून ठेवायचे. कोंब वाढताना दाणा त्याच साखरा स्वतः वापरून टाकतो. उन्हाळ्यात फडकं चिकट लागलं किंवा आंबूस वास आला तर ते टाकून द्यावेत. राजम्याला मोड आणायच्या फंदात पडू नये. तो मोडाचा असला तरी पूर्ण शिजवावाच लागतो.

कोबीला भिजवून काही मिळत नाही. त्यातल्या गंधकाच्या घटकांमुळे वायूला वास येतो. कच्च्या कोशिंबिरीपेक्षा शिजवलेली भाजी, तीही अर्धी वाटी, एवढाच उपाय.

आपल्याकडं एक गोष्ट नेहमी सुटते. कांदा-लसणात फ्रुक्टान नावाची, आपल्याला न पचणारी कर्बोदकं असतात आणि त्यांनीही तसाच वायू होतो. त्यामुळं सगळं नीट करूनही पोट फुगत असेल, तर एकदा तोच राजमा कांदा-लसणाशिवाय, हिंग-जिऱ्याच्या फोडणीत करून बघा. पोट शांत राहिलं तर दोष कांदा-लसणाचा. फ्रुक्टान तेलात उतरत नाहीत, म्हणून लसणाच्या अख्ख्या पाकळ्या तेलात परतून काढून टाकल्या तरी स्वाद राहतो. कांदा-लसूण चटणीतून मात्र लसूण वेगळा काढता येत नाही. तिथं चमचाभराऐवजी अर्धा चमचा घालून बघावी.