गीतचित्रफितीचा ओळवार आराखडा: काही महिन्यांच्या वापरानंतर

मालवणातल्या गायकांच्या गाण्यांसाठी शब्द दाखवणाऱ्या चित्रफिती तयार करताना, प्रत्येक ओळीला एक आडवी रांग आणि वेळ, फॉन्ट व पार्श्वभूमी यांसाठी वेगळे रकाने असलेला स्प्रेडशीटमधला एक तयार आराखडा मी काही महिन्यांपासून वापरत आहे.

त्याचा खरा उपयोग वेळेच्या रकान्यात आहे. ‘भरती इली रे, व्हडी लागली धक्क्याक’ ही आमच्या एका गाण्यातली ओळ घ्या. गाण्याची लय मिनिटाला 100 मात्रांची आणि चित्रफीत सेकंदाला 25 फ्रेमची असल्यामुळे एका मात्रेला बरोबर 15 फ्रेम मिळतात आणि आठ मात्रांची ही ओळ 120 फ्रेममध्ये बसते. ‘व्हडी’ पाचव्या मात्रेवर, म्हणजे साठाव्या फ्रेमवर उच्चारली जाते. पण शब्द मी अठ्ठावन्नाव्या फ्रेमवर आणतो, कारण अक्षर आवाजाच्या किंचित आधी दिसले तर ते बरोबर वाटते आणि नंतर आले तर लगेच खटकते. ‘रे’ दोन मात्रा लांबतो, तेवढा वेळ त्या शब्दाला उडी न देता तो सावकाश मोठा होऊ द्यावा.

आराखड्यात एकेक अक्षर उमटवण्याची सोय सुचवलेली आहे, ती मात्र देवनागरीसाठी टाळावी. ‘धक्क्याक’ असा उमटवला की जोडाक्षर फुटून हलन्त क दिसतो, वेलांटी-काना आपल्या अक्षरापासून सुटतात आणि अक्षरांमधले अंतर वाढवले तर शिरोरेषाही तुटते. मी अख्खा शब्द एकदम हलवतो. फॉन्टची परीक्षा याच शब्दावर घ्यावी: ठसठशीत ओळींसाठी बलू आणि लांब ओळींसाठी मुक्त, दोन्हींमध्ये ‘क्क्या’ मोबाइलच्या छोट्या पडद्यावरही स्वच्छ वाचता येते.

पार्श्वभूमीच्या रकान्यात लाटांचे दृश्य लिहिणे सोपे असते, पण पांढऱ्या फेसावर पांढरी अक्षरे हरवतात. शिवाय फुटणारे पाणी अपलोड झाल्यावर चौकोनी ठिपक्यांसारखे विस्कटते आणि अक्षरांच्या कडाही सोबत खराब होतात. त्यामुळे ‘भरती इली’ला मी खोल समुद्राचे संथ दृश्य सुमारे चाळीस टक्के काळ्या थराखाली ठेवले आणि ‘धक्क्याक’ला जेटीच्या ओल्या दगडांचे स्थिर छायाचित्र घेतले.

मोठी उणीव अशी की हा आराखडा संपूर्ण गाण्याला एकच लय गृहीत धरतो. पखवाज-झांजांसह थेट ध्वनिमुद्रित केलेल्या भजनात गजर चढत जातो, तिथे पहिल्या कडव्याचा हिशेब तिसऱ्यापर्यंत टिकत नाही. अशा गाण्यांसाठी मी मात्रांचा रकाना रिकामा सोडतो, ध्वनीचा आलेख पाहत व ऐकत प्रत्येक समेवर हाताने खूण करतो आणि मधले शब्द त्या दोन खुणांच्या आत बसवतो. याला वेळ बराच लागतो, आणि आराखड्यात त्यासाठी एखादा जास्तीचा रकाना असायला हवा होता.