म्हाताऱ्या कुत्र्याचं प्रोस्टेट: रोजची गोळी की एकदाचं ऑपरेशन?

आमचा मोती नऊ वर्षांचा, बत्तीस किलोचा लॅब्रेडोर. एप्रिलमध्ये तो सकाळी अंगणात पाठ वाकवून पाच-पाच मिनिटं कुंथायला लागला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "उन्हाळा आहे, मलावरोध झाला असेल." मलाही तेच वाटलं. पण शी कडक नव्हती. मऊ होती आणि पट्टीसारखी चपटी येत होती. दोन दिवसांनी तो बसला होता त्या फरशीवर रक्ताचे दोन थेंब दिसले. ते लघवीच्या जागेतून पडले होते, आणि तेही लघवी करताना नाही, नुसतं बसलेला असताना.

माणसाचं प्रोस्टेट वाढलं की आधी लघवी अडते. कुत्र्यात ही ग्रंथी बहुधा बाहेरच्या बाजूला फुगते आणि वरून जाणारं गुदाशय दाबते, म्हणून त्रास शौचाला होतो. मूळ कारण वृषणातून येणारं हार्मोन. त्यामुळे न्यूटर न केलेल्या, म्हणजे वृषणं न काढलेल्या बहुतेक नरांमध्ये वय वाढतं तसं प्रोस्टेट थोडंफार वाढतंच.

औषध की ऑपरेशन हे ठरवण्याआधी डॉक्टरांनी गुदद्वारातून बोट घालून तपासायलाच हवं. साध्या वाढीत प्रोस्टेटचे दोन्ही भाग सारखे फुगलेले लागतात आणि दाबल्यावर दुखत नाही. कुत्रा कळवळला आणि ताप असला, तर संसर्गाची शंका येते. एकाच बाजूला दगडासारखी कडक गाठ लागली तर कॅन्सर तपासावा लागतो, आणि तिथे न्यूटरिंगने काही साधत नाही. सोबत सोनोग्राफी आणि लघवीची तपासणी करून घ्या. नागपुरात सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही विचारता येईल.

मोतीची साधी वाढ निघाली, आणि आमच्यासमोर दोन रस्ते आले.

पहिला फिनास्टेराइडच्या गोळीचा. ही माणसांचीच गोळी आहे आणि मेडिकलमध्ये मिळते. डॉक्टरांनी मोतीला ५ मिलिग्रॅमची एक गोळी रोज लिहून दिली. घेताना पाकीट नीट वाचा, कारण माणसांसाठी यात टॅम्सुलोसिन मिसळलेल्या गोळ्याही येतात आणि आपल्याला ती भेसळ नको. गोळीमुळे वृषणाचं हार्मोन बनायचं थांबत नाही, ते फक्त प्रोस्टेट वाढवणाऱ्या जास्त तीव्र रूपात बदलत नाही. म्हणून कुत्रा प्रजननक्षम राहतो. भूल टळते, हाही मोठा फायदा. पण ग्रंथी सावकाश आटते, पुरता परिणाम दिसायला दोन ते चार महिने लागतात. घरात कोणी गरोदर असेल तर तिने फुटलेल्या किंवा कुटलेल्या गोळीला हात लावू नये, पोटातल्या मुलग्याला धोका असतो.

आणि गोळी थांबली की ग्रंथी परत वाढते. आमच्याकडे हेच झालं. महिन्याभरात शी सुधारली, तो बरा झाला असं समजून मी गोळी बंद केली. पावसाळा संपता संपता मोती पुन्हा अंगणात कुंथत होता.

दुसरा रस्ता न्यूटरिंगचा, म्हणजे दोन्ही वृषणं काढणं. नसबंदीने भागत नाही, कारण त्यात वृषणं जागेवरच राहतात आणि हार्मोन सुरूच राहतं. वृषणं काढल्यावर साधारण तीन आठवड्यांत प्रोस्टेट निम्म्यावर येतं आणि पुढेही आटत जातं. म्हातारपणी भूल सोसेल का, ही भीती मलाही होती. पण वय स्वतः आजार नाही. मूत्रपिंड आणि यकृताची रक्ततपासणी आणि हृदयाची तपासणी यांवर निर्णय व्हायला हवा. मोतीचे रिपोर्ट चांगले आले आणि आम्ही ऑपरेशन केलं. जखम चाटू नये म्हणून दहा दिवस गळ्यात कॉलर होती, त्याचा त्याला शौचापेक्षा जास्त राग. अठराव्या दिवशी शी पुन्हा गोल आली.

माझं मत सांगते. कुत्रा भूल सोसण्याजोगा असेल आणि पिल्लं नको असतील तर ऑपरेशन करा. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल किंवा प्रजनन हवं असेल तर गोळी ठीक, पण ती बहुधा कायमची समजून. गुदद्वाराच्या शेजारी मऊ फुगवटा दिसत असेल तर मात्र गोळीवर वेळ घालवू नका. सतत कुंथून तिथले स्नायू कमजोर पडतात, हर्निया होतो, आणि दुरुस्तीच्या ऑपरेशनसोबतच न्यूटर करतात.

तोवर शी मऊ ठेवा. रविवारच्या मटणाची हाडं पूर्ण बंद. इसबगोल दिलं तर जेवणात भरपूर पाणी घालून द्या, कोरडं इसबगोल उलट अडकतं, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात तर अंगातलं पाणी आधीच कमी असतं. पाय उचलून उभा राहतो पण लघवी थेंबभरही येत नाही, असं झालं तर सकाळची वाट न पाहता त्याच तासाला दवाखाना गाठा.