दहा वर्षांची सरासरी: आज हयात असलेल्या फंडांची, की तेव्हा पटावर असलेल्या सगळ्यांची?

माझ्या भाच्याला दरमहा दहा हजारांची एसआयपी सुरू करायची आहे. मोठ्या कंपन्यांत पैसे लावणारा लार्ज कॅप फंड घ्यावा की निफ्टी निर्देशांकाची नुसती नक्कल करणारा साधा इंडेक्स फंड, एवढाच त्याचा प्रश्न. त्याने मोबाइलवर एक तक्ता दाखवला. लार्ज कॅप गटाची दहा वर्षांची सरासरी एका ओळीत, निर्देशांकाचा परतावा खालच्या ओळीत, आणि सरासरी अर्ध्या टक्क्याने वर. "मामा, सरासरी फंडसुद्धा पुढे आहे, मग इंडेक्स कशाला?" असं त्याचं म्हणणं. तक्त्यातला एकही आकडा खोटा नव्हता, पण त्यावरून असा निष्कर्ष निघत नाही.

आपल्याकडच्या दहावीच्या निकालावरून हे पटकन कळतं. काही शाळा नववीतच कच्च्या मुलांच्या पालकांना बोलावतात आणि सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावतात. मुलगा परीक्षा देतो, पण शाळेच्या पटावरून नव्हे. मग दारावर शंभर टक्के निकालाचा फलक लागतो. फलक खराच असतो. पण पाचवीत मुलाला त्या शाळेत घालणाऱ्या पालकाला 'पाचवीत आलेल्यांपैकी किती पास झाले' हे हवं असतं, आणि ते फलकावर नसतं.

फंडांच्या तक्त्यातल्या दहा वर्षांच्या सरासरीतही हेच होतं. आज जे फंड चालू आहेत त्यांचाच दहा वर्षांचा परतावा काढून सरासरी धरली जाते. दहा वर्षांपूर्वी यादीत असलेले पण मधल्या काळात दुसऱ्या योजनेत विलीन झालेले किंवा गुंडाळलेले फंड त्यात नसतात. याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. अशा सरासरीला मी 'हयातांची सरासरी' म्हणतो, आणि दहा वर्षांपूर्वी यादीत असलेल्या सगळ्या फंडांच्या सरासरीला 'पटाची सरासरी'.

कच्चा फंड नाहीसा कसा होतो ते आधी पाहू. परतावा सलग काही वर्षं मागे पडतो, लोक पैसे काढतात, फंडाचा आकार आटतो. अशी योजना फंड घराण्याला नकोशी होते, मग ती आपल्याच चांगल्या चालणाऱ्या योजनेत मिसळली जाते. माझ्या वडिलांच्या फाइलमध्ये असं एक पत्र अजून आहे. त्यांच्याकडे जुन्या योजनेची 4,000 युनिटं होती, विलीनीकरणाच्या दिवशी एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, 18.40 रुपये. नव्या योजनेची एनएव्ही 73.60 होती, म्हणून त्यांना 1,000 युनिटं मिळाली. रक्कम दोन्हीकडे तीच, 73,600 रुपये. पत्रात एक्झिट लोडशिवाय, म्हणजे पैसे काढण्याचं शुल्क न भरता, बाहेर पडायला मुदत दिली होती. वडिलांनी काहीच केलं नाही, जसं बहुतेक लोक करतात.

पुढच्या महिन्यापासून त्या घराण्याच्या फॅक्टशीटवर, म्हणजे दरमहाच्या माहितीपत्रकावर, जुन्या योजनेचं नाव नव्हतं. नव्या योजनेचा मात्र पहिल्यापासूनचा उजळ इतिहास होता. यात नियमभंग नाही. सेबीच्या एप्रिल 2018 च्या परिपत्रकानुसार, एका योजनेची वैशिष्ट्यं कायम ठेवून दुसरी तिच्यात मिसळली, तर कायम राहिलेल्या योजनेचीच कामगिरी दाखवायची असते. दोन्ही सारख्याच स्वरूपाच्या असतील तर दोघींची भारित सरासरी द्यावी लागते, आणि विलीनीकरणातून नवीनच योजना उभी राहिली तर मागची कामगिरी द्यावी लागत नाही. म्हणजे मिसळलेल्या योजनेची रडकथा बहुतेकदा तिच्याबरोबरच संपते. वडिलांच्या खात्याने मात्र ती वाईट वर्षंही सोसली आणि नंतरची बरी वर्षंही पाहिली. त्यांचा दहा वर्षांचा परतावा कुठल्याच तक्त्यात सापडणार नाही.

आता दोन्ही सरासऱ्या शेजारी ठेवू. पुढचे आकडे हिशेब समजावा म्हणून मी धरलेले आहेत. दहा फंड आहेत आणि प्रत्येकात एकेक लाख. दहा वर्षांनंतर सात टिकले, प्रत्येकाचा परतावा वर्षाला 13 टक्के. उरलेल्या तिघांनी पहिली पाच वर्षं 7 टक्केच दिले, मग ते टिकलेल्यांत मिसळले आणि पुढची पाच वर्षं त्यांनाही 13 टक्के मिळाले. इंडेक्स फंडाने खर्च वजा जाता 12.5 टक्के दिले.

टिकलेल्या प्रत्येक फंडात लाखाचे 3.39 लाख झाले. मिसळलेल्यांत 2.58 लाख. दहाही गुंतवणूकदारांची सरासरी धरली तर 3.15 लाख, म्हणजे वर्षाला साधारण 12.2 टक्के. इंडेक्स फंडात 3.25 लाख. तक्त्यावर मात्र 13 टक्के छापून येतात, कारण मोजणीला सातच हजर असतात. हयातांची सरासरी निर्देशांकाच्या अर्धा टक्का पुढे आणि पटाची सरासरी त्याच निर्देशांकाच्या मागे. फंडही तेच आणि वर्षंही तीच, तरी उत्तर उलटं झालं. आणि हे करताना मी मिसळलेल्यांना बरंच झुकतं माप दिलं आहे. एकही बुडाला नाही, आणि अर्धा काळ त्यांना चांगल्या योजनेचा परतावाही मिळाला.

खरे आकडे हवे असतील तर अमेरिकेकडे बघावं लागतं, कारण बंद पडलेल्या फंडांच्या नोंदी जपून यावर तिथे बराच अभ्यास झाला आहे. अर्थतज्ज्ञ बर्टन मॅल्किएल यांनी 1995 मध्ये छापलेल्या अभ्यासात 1982 ते 1991 या काळासाठी दोन्ही सरासऱ्या काढल्या. शेवटपर्यंत टिकलेल्या समभाग फंडांची वर्षाला 17.09 टक्के, त्या काळातल्या सगळ्या फंडांची 15.69 टक्के. एस अँड पी 500 निर्देशांकाने 17.52 टक्के दिले होते. पहिला आकडा पाहणाऱ्याला वाटेल की सरासरी फंड निर्देशांकाच्या जेमतेम अर्धा टक्का मागे आहे. दुसरा पाहणाऱ्याला तोच फंड पावणेदोन टक्क्यांहून जास्त मागे दिसतो.

दुसरे अभ्यासक मार्क कारहार्ट यांनी 1962 ते 1993 या काळातल्या फंडांची पूर्ण यादी बांधली, तेव्हा त्यातले सुमारे एक तृतीयांश फंड 1993 अखेर बंद झालेले होते. पुढे 2002 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत एक अतिशय कामाची गोष्ट दाखवली. एका वर्षाच्या आकड्यात या पक्षपाताने फक्त 0.07 टक्क्याचा फरक पडतो, पण पंधरा वर्षांहून लांब काळात तो वर्षाला सुमारे एक टक्का होतो. आपण काळ जितका लांब घेतो तितका आकडा भरवशाचा, असं आपल्याला शिकवलेलं असतं. एकाच फंडाच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरं आहे. गटाच्या सरासरीच्या बाबतीत मात्र लांब काळात गळती वाढते, आणि आकडा तितकाच फुगतो.

भाच्याने लगेच शंका काढली: निर्देशांकातूनही पडलेल्या कंपन्या काढतातच, मग तिथे हाच घोळ नाही का? शंका रास्त आहे, पण फरक आहे. येस बँक मार्च 2020 मध्ये निफ्टी 50 मधून बाहेर गेली. बाहेर जाईपर्यंतची तिची सगळी पडझड निफ्टीच्या आकड्यात आजही आहे, कुणी मागे जाऊन ती पुसलेली नाही. आजच्या पन्नास कंपन्या घेऊन त्यांचा मागचा परतावा काढला असता तर घोळ झाला असता, आणि हयातांच्या सरासरीत नेमकं तेच घडतं. तुलना करताना निर्देशांक लाभांशासह, म्हणजे टीआरआय घ्यावा. नाहीतर निर्देशांक आहे त्याहून कमी दिसतो आणि फंड पुन्हा उगाच पुढे वाटतात.

नाहीसा झालेला प्रत्येक फंड कच्चा होता असंही समजू नये. फिडेलिटीचा भारतातला फंड व्यवसाय 2012 मध्ये एल अँड टी कडे गेला आणि एल अँड टी चा 2022 मध्ये एचएसबीसीकडे. नावं गेली, पण अनेक योजना पुढे चालू राहिल्या. शिवाय सेबीच्या ऑक्टोबर 2017 च्या परिपत्रकाने प्रत्येक घराण्याला एका गटात साधारण एकच योजना ठेवायला सांगितलं, त्यामुळे 2018 मध्ये बऱ्या योजनाही मिसळल्या गेल्या. म्हणून अमेरिकेतला एक-दीड टक्का जसाच्या तसा आपल्या तक्त्यातून वजा करणं चुकीचं ठरेल. आपल्या एखाद्या गटात फरक त्याहून कमी असेल, दुसऱ्यात जास्तही असेल.

तो फरक हाताने तपासता येतो. फंड घराण्यांची संघटना असलेल्या अ‍ॅम्फीच्या संकेतस्थळावर जुन्या तारखेच्या एनएव्हींची यादी मिळते. दहा वर्षांपूर्वीची एक तारीख निवडायची आणि आजची `NAVAll.txt` शेजारी ठेवायची. नावाऐवजी योजनेचा कोड जुळवायचा, कारण नाव बदललं तरी कोड बहुधा तोच राहतो. जे कोड आज नाहीत त्यांच्या विलीनीकरणापर्यंतच्या एनएव्ही काढल्या की वरच्यासारखा हिशेब मांडता येतो. एक अडचण आहे. 'बाजारमूल्याने पहिल्या शंभर कंपन्या' ही लार्ज कॅपची व्याख्या 2017 च्या त्याच परिपत्रकातून आली, त्यामुळे त्याआधीच्या यादीतून लार्ज कॅप फंड निवडायचे तर जुनी फॅक्टशीटं उघडावी लागतात. मला एका गटासाठी तीन संध्याकाळी लागल्या.

इतकं करायचं नसेल तर एस अँड पी डाऊ जोन्स इंडायसेसचा भारतासाठीचा 'स्पिव्हा' अहवाल बघा. तो काळाच्या सुरुवातीला हजर असलेले सगळे फंड भाजकात धरतो, आणि किती टक्के फंड टिकले हे गटागणिक वेगळं छापतो. दहा वर्षांची सरासरी वाचण्याआधी तो टिकल्याचा आकडा पाहावा. गळती नगण्य असेल तर दोन्ही सरासऱ्या जवळजवळ सारख्याच निघतील. चौथा-तिसरा हिस्सा गळाला असेल, तर अर्ध्या टक्क्याच्या आघाडीवर मी पैसे लावणार नाही.

हयातांची सरासरी अगदी टाकाऊ नाही. आज चालू असलेल्या फंडांत आपला फंड कुठे बसतो, हे त्यावरून कळतं. पण भाच्याचा प्रश्न तो नव्हता. त्याला आज एक फंड निवडायचा आहे, आणि दहा वर्षांनी तो टिकलेल्यांत असेल की मिसळलेल्यांत, हे आज कुणालाच माहीत नाही. त्याच्यासमोर पूर्ण पट आहे, म्हणून त्याने पटाचीच सरासरी निर्देशांकाशी ताडावी. त्याने सध्या सात हजार इंडेक्स फंडात आणि तीन हजार एका लार्ज कॅप फंडात लावले आहेत. त्या फंडाच्या आजच्या फॅक्टशीटचं पान छापून तारखेसह फाइलला लावून ठेव, असं मी त्याला सांगितलं. वडिलांच्या फाइलमध्ये पत्र होतं, पण त्या जुन्या योजनेचं एकही फॅक्टशीट नव्हतं.