चालत मोजावं की कोपऱ्यावर थांबून?

फोनवर शेत मोजायचं तर दोन वाटा आहेत. एक, बटण दाबून बांधावरून फेरी मारायची, फोन मागे रेघ ओढत येतो. दुसरी, कोपऱ्याकोपऱ्यावर थांबून खूण टाकायची. मी आमचं खानापूरकडचं उसाचं रान दोन्ही तऱ्हेनं मोजलंय. पहाणीला, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, ते 1 एकर 12 गुंठे आहे. लांबट, अरुंद, एका अंगाला नाला.

चालून 1.42 एकर आलं, थांबून 1.31.

ऊस डोक्याच्या वर गेलेला, त्यामुळे चालताना मी बांधाच्या पलीकडच्या कडेनं फिरलो. वेढा साधारण 370 मीटर. सगळीकडे मीटरभर बाहेरून चाललं तरी 370 चौरस मीटर वाढतात, म्हणजे साडेतीन गुंठ्यांवर, कारण एक गुंठा जेमतेम 101 चौरस मीटरचा. अरुंद रानात ही चूक फार अंगावर येते.

पण माझं मन फिरलं ते आंब्यामुळे. पूर्वेच्या कोपऱ्यावर जुना आंबा आहे. त्याच्याखाली फोन भरकटला आणि रेघ शेजाऱ्याच्या रानात घुसून परत आली. माझ्या अ‍ॅपमध्ये ओढलेल्या रेघेतला तेवढाच भाग दुरुस्त करता येत नाही, चिखलातून पुन्हा पूर्ण फेरी. तीन फेऱ्या झाल्या, आंब्याखाली तिन्ही वेळा तेच. खुणा टाकताना मात्र मिनिटभर थांबलो, स्क्रीनवरचं निळं वर्तुळ लहान झाल्यावर खूण टाकली. आंब्याखालची खूण तरीही हललीच, पण उपग्रहाच्या चित्रावर बांधाचा कोपरा दिसत होता, तिथं बोटानं सरकवली. काम झालं.

नाल्याच्या बाजूला चालणं बरं, हे मान्य करायला हवं. वळणावर दोनच खुणा टाकल्या तर मधलं पोट एक तर कापलं जातं, नाहीतर नाला आत येतो. मी तिथं दर आठ-दहा पावलांवर खूण टाकली. तुमचं रान तिन्ही बाजूंनी ओढ्याचं असेल आणि वर झाडं नसतील, तर कदाचित चालणंच सोयीचं पडेल.

आकडा वाचताना एक सांभाळा. थोरल्या दादानं 1.31 पाहिलं आणि रोटरवाल्याशी एक एकर एकतीस गुंठ्यांचा हिशोब मांडायला घेतला. एकरात गुंठे 40, म्हणून टिंबाच्या पुढचा भाग 40 नं गुणायचा: 0.31 × 40 = 12.4, म्हणजे 1 एकर साडेबारा गुंठ्यांच्या आत. उलट पहाणीवरचं 1-12 हे टिंबात 1.30 होतं. ताळा घेताना पहाणीवरचं खराब, म्हणजे पिकाखाली न येणारी जमीन, धरून एकूण क्षेत्र घ्या. फोन खराबही मोजतो.

रोटर, लागण, फवारणी यांच्या पैशाला एवढं पुरतं. बांधाचा वाद असेल तर सरकारी मोजणीच लावा, तिथं मीटरभराचा फरक चालत नाही.