बाजार उघडण्यापूर्वीचा रिलेटिव्ह व्हॉल्यूम: तुलना कशाशी करावी?

बाजार उघडण्याआधीच्या सत्रात कोणत्या शेअरमध्ये नेहमीपेक्षा अधिक हालचाल आहे, हे रिलेटिव्ह व्हॉल्यूमवरून, म्हणजे आजच्या व्हॉल्यूमचे नेहमीच्या व्हॉल्यूमशी असलेले प्रमाण पाहून, शोधण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. एकीत आतापर्यंतचा व्हॉल्यूम त्याच शेअरच्या पूर्ण दिवसाच्या सरासरीशी ताडला जातो, तर दुसरीत तो मागील काही दिवसांत ह्याच वेळेपर्यंत झालेल्या व्हॉल्यूमशी ताडला जातो. अशा शेअरांची यादी काढून देणारा आपला स्कॅनर कोणती पद्धत वापरतो हे ओळखणे सोपे आहे: भल्या सकाळी बहुतेक शेअरांपुढे ०.०१ किंवा ०.०५ असे आकडे दिसत असतील, तर तुलना पूर्ण दिवसाशी चालली आहे.

समजा, एका शेअरचा रोजचा सरासरी व्हॉल्यूम ८ लाख असून बाजार उघडण्याच्या अर्धा तास आधीपर्यंत त्यात एरवी २,००० शेअरांचे व्यवहार होतात. आज ते ४०,००० झाले आहेत. दुसऱ्या शेअरचा रोजचा व्हॉल्यूम ३ लाख, एरवीचा सकाळचा २०० आणि आजचा ६,००० आहे. वेळेनुसारच्या तुलनेत दुसरा शेअर ३० पट, तर पहिला २० पट दिसतो, म्हणजे यादीत दुसरा वर येतो. प्रत्यक्षात ते ६,००० शेअर एखाद्याच मोठ्या सौद्यातून आलेले असू शकतात. पूर्ण दिवसाशी ताडले असता पहिल्याचे प्रमाण ५ टक्के आणि दुसऱ्याचे २ टक्के येते, आणि हा क्रम मला अधिक विश्वासार्ह वाटतो. छेदस्थानी अगदी लहान संख्या असली, की भागाकार फुगणारच.

तरीही पहिली पद्धत एकटी पुरत नाही. काही मोठ्या शेअरांत रोजच सकाळी भरपूर व्यवहार होतात. ते कोणतीही बातमी नसताना यादीच्या वरच्या भागात ठाण मांडून बसतात, आणि त्यांना बाजूला सारण्याचे काम वेळेनुसारची तुलनाच करू शकते.

मात्र ह्या तुलनेत सरासरीऐवजी मध्यक घ्यावा. वरील पहिल्याच शेअरच्या मागील २० दिवसांत निकालाचा एक दिवस येऊन गेला आणि त्या सकाळी ३,६२,००० शेअरांची उलाढाल झाली, असे धरल्यास सरासरी २०,००० होते. मग आजचे ४०,००० अवघे दुप्पट ठरतात आणि शेअर यादीतून निसटतो. मध्यक मात्र २,००० वरच राहतो. बहुतेक तयार स्कॅनरांत ही सोय नसते, ही खरी अडचण आहे.

त्यामुळे एकच पद्धत उपलब्ध असेल, तर पूर्ण दिवसाशी तुलना करणारी निवडावी. दोन्ही असतील, तर आधी पूर्ण दिवसाच्या किमान २ ते ३ टक्के व्हॉल्यूमची चाळणी लावून उरलेल्या शेअरांचा क्रम वेळेनुसारच्या पटीने लावावा. त्यानंतर वरच्या प्रत्येक शेअरमध्ये किती वेगवेगळे सौदे झाले आणि खरेदी-विक्रीच्या भावांतील अंतर किती आहे, हे पाहूनच भावाचा आलेख उघडावा.