एकरकमी की महिन्याचा पगार?

दारव्ह्याकडच्या एका वेल्डरचा हिशेब घेऊ. खर्च वजा जाता ऑक्टोबर ते मे महिन्याला २६,००० हाती येतात, पावसाळ्याचे चार महिने जेमतेम ८,०००.

पहिली पद्धत आपल्याकडे जुनीच: हंगामात पैसा आला की पीपीएफमध्ये एकदम ५०,००० टाकायचे. यात फायदा आहे. व्याज दर महिन्याच्या ५ तारखेनंतरच्या किमान शिलकीवर धरतात, त्यामुळे ५ एप्रिलपर्यंत भरलेल्या रकमेला वर्षभराचं व्याज मिळतं. पण ऑगस्टमध्ये घर अडलं तर? पीपीएफमधून काढायला सातवं आर्थिक वर्ष लागावं लागतं. मग माणूस सावकाराच्या ओट्यावर जातो, आणि त्याचं व्याज पीपीएफचं सगळं व्याज खाऊन टाकतं.

दुसरीत सगळी कमाई आधी वेगळ्या बचत खात्यात जाते. तिथून १ तारखेला स्वतःला १८,००० 'पगार': १५,००० घराला, ३,००० पीपीएफला. चांगल्या आठ महिन्यांत ६४,००० साठतात, पावसाळ्यात ४०,००० लागतात, २४,००० उरतात.

मला दुसरीच पटते, पण पहिलं वर्ष जूनमध्ये सुरू करू नका. खातं रिकामं असतं. जूनच्या सुरुवातीला ४०,००० जमले नसतील, तर पगार जास्त ठरवलाय असं समजा आणि कमी करा. उरलेले २४,००० मात्र मी सप्टेंबर निघाल्यावरही लगेच हलवणार नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, ५ तारखेच्या आत पीपीएफला टाकेन.