ब्रोकर ॲपचा टॅक्स रिपोर्ट, वर्षभर वापरल्यावर: हिशोब चोख, पण ट्रान्सफर केलेल्या शेअरची तारीख तपासाच

जुन्या ब्रोकरची वार्षिक फी परवडेना म्हणून डिमॅट या डिस्काउंटवाल्याकडे आणलं, जळगावात बसून सगळं मोबाईलवर झालं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. माझं भांडण आहे ते कॅपिटल गेनच्या रिपोर्टशी.

एका कंपनीचे 100 शेअर जून 2022 मध्ये 200 ने घेतलेले, ते नोव्हेंबर 2024 ला इकडे ट्रान्सफर केले. 10 जानेवारी 2025 ला कापसाचे पैसे हातात होते म्हणून अजून 50 घेतले, 300 ने. मे 2025 मध्ये 400 चा भाव आला आणि 120 विकले. रिपोर्ट उघडतो तर त्या 100 शेअरची खरेदी नोव्हेंबर 2024 ची, आणि भाव शून्य! म्हणजे 40,000 नफा, तोही शॉर्ट टर्म, 20 टक्क्याने 8,000 टॅक्स. अरे भाऊ, शेअर माझ्याच एका खात्यातून माझ्याच दुसऱ्या खात्यात आला, मालक बदलला नाही, मग ती खरेदी कशी धरता? मुदत मूळ खरेदीपासूनच मोजायची असते. कस्टमर केअरवाल्याचं मात्र एकच, "सर, सिस्टीमने घेतलंय". डोकं फिरलं.

मग आमच्या सीए ताईंनी दाखवलं, बाहेरून आलेल्या शेअरची तारीख आणि भाव आपण स्वतः भरू शकतो, तो ऑप्शन होल्डिंगच्या पार आत दडवलाय. जुन्या मेलमधून कॉन्ट्रॅक्ट नोट शोधली, भरलं, आणि रिपोर्ट एकदम सरळ आला. विक्रीच्या दोन ओळी: आधी आलेले 100 आधी गेले, 20,000 लाँग टर्म, उरलेले 20 नव्या लॉटमधले, 2,000 शॉर्ट टर्म. लिस्टेड शेअरचा लाँग टर्म नफा वर्षाला 1,25,000 पर्यंत करमुक्त, माझा दुसरा काही नव्हता, म्हणून टॅक्स फक्त 400 आणि वर सेस. इथे माझं मत बदललं, लॉट जुळवायचं काम हे ॲप खरंच छान करतं.

विकल्यावर ॲव्हरेज 233 वरून 300 झालेला दिसतो, चाळीसगावच्या मित्राने घाबरून फोन केला होता. ते बरोबरच आहे, 200 वाले गेले, आता 300 वालेच 30 उरलेत. टॅक्सला ॲव्हरेज चालत नाही. आणि दोन डिमॅट असतील तर आधी आलेले आधी जायची ही रांग प्रत्येक खात्याची वेगळी लागते, ज्या खात्यातून विकलं तिथलाच आधी आलेला लॉट आधी जातो, दुसऱ्या खात्यातला त्याहून जुना असला तरी.

पाचपैकी साडेतीन स्टार. ट्रान्सफरच्या लॉटवर शून्य भाव दिसला की ॲपने लाल खूण तरी करावी, एवढी साधी गोष्ट का करत नाहीत कळत नाही. उरलेले 30 मी 10 जानेवारी 2026 उलटल्याशिवाय काढणार नाही, कारण 12 महिन्यांहून जास्त ठेवले तरच ते लाँग टर्ममध्ये जातात.